घेतो, पितो, ढोसतो: एका घसरणीकडे पाहण्याच्या तीन रीती

प्रश्न: मी पुण्यात समाजशास्त्रात एम. ए. करते आहे. दारू आणि इतर अमली पदार्थांची व्यसनाधीनता ही सामाजिक समस्या म्हणून प्रकार्यवादी, संघर्षवादी आणि आंतरक्रियावादी दृष्टिकोनांतून तपासायची आहे. पुस्तकात तिन्हींना एकेक पान आहे, पण खऱ्या माणसावर लावायला गेले की तिन्ही सारखेच वाटतात. व्यसनमुक्तीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना यातले नेमके काय उपयोगी पडते?

उत्तर:

मी 23 वर्षे पुण्यात व्यसनमुक्तीच्या वॉर्डात मनोसामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते आहे. परीक्षेपुरती ती तीन पाने मीही पाठ केली होती आणि नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत विसरूनही गेले होते. एका रुग्णाच्या फाइलमुळे ती परत आठवली. "व्यसन का लागते?" हा प्रश्न इतका ऐसपैस आहे की त्यात कोणताही सिद्धांत आरामात मावतो. म्हणून मी तुमच्यापुढे लहान प्रश्न ठेवते: बरा होऊन घरी गेलेला एक माणूस 47 व्या दिवशी पुन्हा का प्यायला?

त्याला किसन म्हणू. नाव बदलले आहे आणि ओळख पटू नये म्हणून आणखी दोघांचे तपशील त्यात मिसळले आहेत. वय 38, मूळचा जालना जिल्ह्यातला, घरची चार एकर कोरडवाहू. 2012-13 च्या दुष्काळानंतर पुण्यात आला आणि भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडे लागला. बारा तासांची पाळी, हातात 14 हजार. चिखलीत दहा बाय बाराची खोली. बायको पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाते, मुलगा आठवीत. आधी फक्त शनिवारची होती, मग रोजची झाली. 2022 च्या पावसाळ्यात आमच्याकडे आला तेव्हा रात्री देशीची एक क्वार्टर आणि सकाळी कामावर जाण्याआधी एक नव्वदी, असा हिशेब होता. तेव्हाच्या भावाने दिवसाला 105 रुपये, महिन्याला सव्वातीन हजारांच्या आतबाहेर. म्हणजे पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा.

35 दिवस राहिला, चांगला राहिला. घरी गेल्यावर 47 व्या दिवशी, सात तारखेला, पगाराच्या संध्याकाळी प्यायला.

प्रकार्यवादापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त हाल त्याचेच झाले आहेत. विद्यार्थ्यांच्या अहवालांत त्याचा अर्थ "एकत्र कुटुंब मोडले, संस्कार कमी झाले, म्हणून व्यसने वाढली" एवढाच उरतो. हे भाषण झाले, विश्लेषण नव्हे. प्रकार्यवादी खरे तर असे विचारतो की समाज पिण्याला कुठे जागा देतो, कुठे बांध घालतो आणि त्या बांधाचे काम काय. आपल्याकडचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे: आषाढी अमावास्येला गटारी आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. एक दिवस मोकळीक, मग महिनाभर बंदी. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून मर्यादा ओलांडायची आणि सगळ्यांनी मिळून ती परत आखायची, हे समाजशास्त्रज्ञ दर्खाइमला लगेच ओळखू आले असते. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी पीत नाही, त्याला कोणी आग्रहही करत नाही. बांध असा काम करतो.

पण वॉर्डात बसून पाहिले की या बांधाची दुसरी बाजू दिसते. किसन सलग चार वर्षे श्रावण पाळत होता आणि त्याच्या लेखी तोच पुरावा होता: "मॅडम, महिनाभर हात लावत नाही, मग मी व्यसनी कसा?" समाजाने घालून दिलेला नियम त्याच्या नकाराला टेकू देत होता. पाचव्या वर्षी गटारीनंतर त्याने नेहमीसारखी बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरले, घाम सुटला. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झाडू लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली की थरथर पहिल्या चोवीस तासांतच सुरू होते, फिट येण्याचा धोका साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत जास्त असतो आणि भ्रम दोन ते चार दिवसांत गाठतो. या अवस्थेत माणूस दगावू शकतो. घरच्यांना वाटले देवाचे काही चुकले. आम्ही त्याला अशाच अवस्थेत पाहिला. नियम समाजाचा असतो, त्याला शरीर बांधलेले नसते, हे तिन्हींपैकी एकही सिद्धांत पुरते सांगत नाही. मतदानाच्या वेळचे ड्राय डे असोत की 2020 च्या टाळेबंदीत बंद झालेली दुकाने, हेच घडते. एवढी मर्यादा उत्तरात आवर्जून लिहा.

आता अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मर्टन. समाजाने मान्य केलेली ध्येये आणि ती गाठायचे मार्ग यांना माणसे देतात त्या, 1938 मध्ये त्याने मांडलेल्या पाच प्रतिसादांपैकी "माघार" या खणात दारुडे आणि नशेबाज बसवले जातात: ध्येयही सोडले, मार्गही सोडला. तक्ता म्हणून देखणा आहे. पण किसनने काय सोडले होते? बारा तास प्रेस चालवत होता, मुलाला इंजिनिअर करायचे म्हणत होता, गावी पैसे पाठवत होता. माझ्याकडे येणाऱ्यांतले बहुतेक लोक कामावरून येतात, पुलाखालून नाही. माघार घेतलेला माणूस ही व्यसनाची शेवटची पायरी असू शकते, तिला कारण म्हणता येत नाही. पुलाखाली गर्द ओढत बसलेली पोरे पाहून मर्टन पटतो, कारण तेवढीच आपल्याला दिसतात. जे घरात पितात ते दिसत नाहीत.

मग 47 व्या दिवसाबद्दल प्रकार्यवादाकडे सांगण्यासारखे काही आहे का? आहे, पण त्यासाठी समाज सोडून त्या दहा बाय बाराच्या खोलीत जावे लागते. किसन पीत होता त्या सहा वर्षांत घर बसले नव्हते, घराने स्वतःला नव्याने लावून घेतले होते. एटीएम कार्ड बायकोकडे, भाडे ती द्यायची, शाळेत सही ती करायची, गावच्या लग्नाला एकटी जाऊन यायची. मुलगा दुकानातून बाप उचलून आणायला शिकला होता आणि त्याबद्दल त्याला घरात मोठ्या माणसाचा मान होता. 1954 मध्ये जोन जॅक्सन या अमेरिकी अभ्यासिकेने मद्यपींच्या पत्नींबरोबर काम करून कुटुंबाचे सात टप्पे मांडले. सुरुवात समस्या नाकारण्यापासून होते. मध्ये कुटुंब पिणाऱ्याला वगळून आपली घडी बसवते. आणि शेवटच्या टप्प्यावर, तो पिणे सोडतो तेव्हा, ती बसलेली घडी पुन्हा उसकटते. लोक हा शेवटचा टप्पा वाचायचा विसरतात.

किसन घरी आला आणि दहाव्या दिवशी म्हणाला, "कार्ड दे. आता मी पीत नाही." बायको म्हणाली, "बघू." सहा वर्षे जी व्यवस्था चालली ती ती एका शब्दावर का मोडेल? मुलाला बापाने अभ्यासावरून झापले तेव्हा तो म्हणाला, "आत्तापर्यंत कुठे होतात?" पिणारा किसन घरात एका ठरलेल्या जागी होता, न पिणाऱ्या किसनला जागाच नव्हती. यालाच मी पिण्याचे सुप्त प्रकार्य म्हणेन: त्याच्या पिण्याभोवती बाकीच्यांच्या भूमिका ठरल्या होत्या.

इथे जपून लिहा. यातून "बायकोलाच तो प्यायलेला हवा होता" असा निष्कर्ष काढणारे अहवाल मी वाचले आहेत, आणि एका परिषदेत असा शोधनिबंध ऐकताना उठून गेले आहे. प्रकार्य म्हणजे हेतू नाही आणि कारणही नाही. पडताळा सोपा आहे: ती गोष्ट काढून घेतली तर काय डळमळते, ते दाखवा. दाखवता आले तर प्रकार्य म्हणा, नाही आले तर तो शब्द खोडा. किसनच्या घरात कार्ड, शाळेची सही आणि मुलाचा मान या तीन गोष्टी डळमळल्या, म्हणून मी तो शब्द वापरते.

संघर्षवादी या खोलीत फार वेळ थांबत नाही. तो बाहेर येतो आणि विचारतो, सात तारीख का? पगार रोख मिळायचा, कंपनीच्या फाटकाबाहेर, संध्याकाळी साडेसातला. देशीचे दुकान रस्त्याच्या पलीकडे. ठेकेदार दारू विकत नव्हता, पण बारा तास उभ्याने काम करवून घ्यायचे, ओव्हरटाइमचा दर द्यायचा नाही आणि दुखणाऱ्या पाठीवर एकच स्वस्त इलाज हाताशी ठेवायचा, ही मांडणी कोणाच्या सोयीची आहे? किसनचे वाक्य फाइलमध्ये तसेच आहे: "नव्वदी मारली की पाठ माझी राहत नाही."

मग संघर्षवादी राज्याकडे वळतो आणि इथे महाराष्ट्र त्याच्यासाठी खाणच आहे. राज्यघटनेचे 47 वे कलम सांगते की राज्याने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करावा. आपल्याकडचा मूळ कायदा 1949 चा, तोही दारूबंदीचाच. तो राबवणाऱ्या खात्याचे नाव मात्र "राज्य उत्पादन शुल्क". कायद्याने पिण्यासाठी परवाना लागतो, म्हणून आपल्याकडे बारला परमिट रूम म्हणतात, आणि त्या परवान्यावर कारण काय असते तर आरोग्य राखण्यासाठी. मी हे वॉर्डात सांगते तेव्हा सगळ्यात मोठा हशा या वाक्याला मिळतो. बंदीचा कायदा ठेवायचा आणि महसूलही घ्यायचा, ही विसंगती इंग्रजी अबकारीपासून चालत आली आहे. जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना 1880 मध्ये दारूची दुकाने वाढवण्याला विरोध करणारे पत्र लिहिले आणि 1908 मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना अडवले, तेव्हाही वाद याच महसुलाशी होता.

जून 2025 मध्ये राज्याने शुल्क वाढवले. देशीच्या 180 मिलीची किमान किंमत 80 रुपयांच्या घरात गेली, विदेशीची 200 च्या पुढे. किंमत वाढली की पिणे कमी होते हे सार्वजनिक आरोग्यात पक्के मानले जाते आणि एकूण लोकसंख्येपुरते ते खरेही आहे. पण अवलंबून असलेला माणूस क्वार्टर कमी करण्याआधी तेलाची पिशवी कमी करतो, किंवा हातभट्टीकडे वळतो. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसे गेली, ती कोणत्या थरातली होती ते वेगळे सांगायला नको. संघर्षवादाला ही वाढ आवडणार नाही आणि आरोग्यवाल्यांना आवडेल. दोघांचे आकडे खरे असू शकतात, कारण एक सरासरी मोजतो आणि दुसरा खालची पायरी.

आता किसनच्या शेजारी एक दुसरी फाइल ठेवते. बाणेरचा एक टीम लीड, पगार दीड लाखाच्या वर, रोज रात्री व्हिस्कीचे साठचे पाच पेग, म्हणजे 300 मिली. किसन दिवसाला 270 मिलीवर होता. दोघांचा आकडा जवळपास सारखा, खरे तर साहेबांचा थोडा जास्तच. साहेब पोटाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आले, वैद्यकीय रजेवर, पगार चालू. त्यांचा खर्च उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आत होता. किसनचे 35 दिवस बिनपगारी गेले आणि परत गेला तेव्हा त्याच्या प्रेसवर दुसरा माणूस उभा होता, याला हेल्परचे काम मिळाले. दोघांच्या यकृताला वर्ग नव्हता, बाकी सगळ्याला होता. ज्यांना उपचारांची खोलीच परवडत नाही त्यांची तर गोष्टच वेगळी: एम्सच्या राष्ट्रीय उपचार केंद्राने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचे दिसले.

तरी संघर्षवाद इथे अमेरिकेतून जसाच्या तसा आणू नका. तिकडे 1920 ते 1933 च्या दारूबंदीचे एक गाजलेले विश्लेषण असे आहे की जुन्या, गावाकडच्या प्रॉटेस्टंट मध्यमवर्गाने आपली घसरती प्रतिष्ठा सावरण्यासाठी शहरी स्थलांतरितांच्या सवयींवर बंदी लादली. म्हणजे बंदी वरून खाली आली. आपल्याकडे "उभी बाटली, आडवी बाटली" नेमकी उलटी आहे. गावातल्या चौथा हिस्सा महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान लागते, आणि दुकान बंद करायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. ज्या बाया रोजंदारी बुडवून रांगेत उभ्या राहतात त्या वरच्या थरातल्या नसतात. एम्सच्या त्याच पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 27.3 टक्के आणि स्त्रियांचे 1.6 टक्के आहे. वर्गाइतकीच ही बाई आणि पुरुष यांच्यातली रेघ आहे, आणि ती एकाच खोलीतून जाते. मालक विरुद्ध कामगार एवढेच पाहणाऱ्याला किसनची बायको दिसत नाही.

पण सात तारखेला त्याच फाटकातून किसनसारखे चाळीस जण बाहेर पडले. दुकानात सगळे गेले नाहीत. हे सांगायला संघर्षवादाकडे काही नाही. मला मनापासून आवडणारा भाग, आंतरक्रियावाद, इथे सुरू होतो.

आपल्या भाषेतली क्रियापदे ऐका. साहेब "घेतात". किसन "पितो". किसन जरा खाली घसरला की "ढोसतो". साहेबांच्या घरी विचारले तर "ऑफिसच्या पार्टीत थोडी घेतात", चिखलीत विचारले तर "बेवडा आहे". बाटलीतले मिलिलिटर सारखे, क्रियापद वेगळे. आंतरक्रियावादी म्हणतो, समस्या बाटलीत शोधू नका, हे क्रियापद कधी बदलले, कोणी बदलले आणि त्यानंतर त्या माणसाने स्वतःबद्दल काय मानायला सुरुवात केली, ते शोधा. हॉवर्ड बेकरने 1953 मध्ये गांजा ओढणाऱ्यांबद्दल दाखवले की नशा आपोआप येत नाही: ओढायचे कसे, झालेला परिणाम ओळखायचा कसा आणि तो सुखाचा मानायचा कसा, हे तिन्ही माणूस दुसऱ्यांकडून शिकतो.

किसनच्या बाबतीत शिकण्याचा एक क्षण मला तारखेसकट माहीत आहे, कारण त्याला तो पक्का आठवतो. सकाळी पाळीला गेल्यावर हात थरथरत होते आणि प्रेसमध्ये पत्रा नीट बसत नव्हता. त्याला वाटले अशक्तपणा आहे. दोन आठवडे तो मेडिकलमधून ताकदीच्या गोळ्या घेत होता. मग शेजारच्या मशीनवरचा जुना कामगार म्हणाला, "अरे, सकाळची एक मार, हात थांबेल." त्याने मारली, आणि वीस मिनिटांत हात थांबले. अफूच्या व्यसनींवर काम करणाऱ्या लिंडस्मिथने 1947 मध्ये हेच सांगितले होते: नुसता त्रास झाल्याने माणूस व्यसनी होत नाही. हा त्रास पदार्थ न मिळाल्याचा आहे हे ओळखून त्यावर उतारा म्हणून तोच पदार्थ घेतो, तेव्हा होतो. शरीर आणि अर्थ यांचा सांधा इथे आहे, आणि तो सांधा एका भल्या माणसाच्या सल्ल्याने बसला. केस हिस्टरी घेताना "किती पिता?" याच्याआधी मी "सकाळची पहिली कधी आणि कोणी सांगितली?" हे विचारते. किती पितो याचे उत्तर निम्मे खोटे असते, याचे सहसा खरे मिळते.

मग शिक्का. सुपरवायझरने ओव्हरटाइममधून नाव काढले. शाळेत पोराला "बेवड्याचा" म्हणू लागले. घरमालक भाडे बायकोकडे मागू लागला. लेमर्ट याला दुय्यम विचलन म्हणतो: आधी माणूस काही करतो म्हणून नाव पडते, मग नाव पडले म्हणून तो तसेच करत राहतो. शिक्का कोणाच्या कपाळाला चिकटतो आणि कोणाच्या नाही, तिथे संघर्षवाद परत आत येतो. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या आलिशान गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. मुलाने त्याआधी पबमध्ये दारू घेतल्याचा पोलिसांचा आरोप होता. बाल न्याय मंडळाने पहिल्या दिवशी जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, आणि अटींमध्ये व्यसनमुक्तीचे समुपदेशनही होते. शहर संतापले ते निबंधावर. माझ्या डोक्यात राहिले ते समुपदेशन. आमचाच शब्द एका घरात शिक्का होतो आणि दुसऱ्या घरात सवलत.

वॉर्डात आम्ही हा शिक्का उलटा वापरतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेत माणूस स्वतः उठून म्हणतो, "मी अमुक, मी मद्यपी." दुसऱ्याने मारलेली हाक तो स्वतःच्या तोंडाने घेतो आणि तिचा अर्थ बदलतो. हे काम करते, पण त्या खोलीत. बाहेर चिखलीत त्याच शब्दाचा जुना अर्थ वाट पाहत असतो. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवरच्या ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात तिथे हेरॉइनवर अवलंबून झालेल्यांपैकी फार थोडे घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा अवलंबून झाले. अनेकजण यावरून "व्यसन सहज सुटते" असे म्हणतात. मी त्यातून वेगळे वाचते: ते ज्या जागी, ज्या माणसांत व्यसनी झाले होते तिथे परत गेले नाहीत. किसन त्याच गल्लीत, त्याच फाटकावर, त्याच नजरेत परतला.

आणि नजर काय होती? रोज संध्याकाळी तो दारात आला की बायको जवळ येऊन पाणी द्यायची आणि पाणी देताना वास घ्यायची. तिचे चुकले असे मी कधीच म्हणणार नाही. सहा वर्षांनी ती दुसरे काय करणार? 46 दिवस वास आला नाही, पण "आज नाही आला" हे तिने एकदाही मोठ्याने म्हटले नाही. 47 व्या दिवशी पगार घेऊन फाटकाबाहेर उभा असताना हा माणूस काय विचार करत होता, ते त्याने मला आठवड्याने सांगितले: "वास घ्यायचाच आहे ना, मग येऊ दे वास."

एका क्वार्टरमध्ये तिन्ही गोष्टी होत्या हे आता तुम्हाला दिसेल. रोख पगार आणि समोरचे दुकान यांनी संधी दिली. घरात जागा नव्हती म्हणून परतायची घाई नव्हती. हात बाटलीकडे गेला तो मात्र नजरेच्या अर्थामुळे. तिन्हींची बेरीज मात्र करू नका. एकाचा धागा दुसऱ्याने पुरा होत नाही, आणि "तिन्ही दृष्टिकोन परस्परपूरक आहेत" हे वाक्य परीक्षकाला काहीच सांगत नाही. माझे मत विचाराल तर वॉर्डाच्या आत आंतरक्रियावाद सगळ्यात कामाचा आहे, फाटकाबाहेर संघर्षवाद सगळ्यात खरा आहे, आणि प्रकार्यवाद घराच्या उंबऱ्यापुरता वापरावा. देशापुरता वापरला की त्याचे प्रवचन होते.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केले ते सांगते, कारण सिद्धांत कुठे लागला ते त्यात दिसते. डॉक्टरांनी तपासण्या करून डायसल्फिरामची गोळी सुरू केली. ही घेतलेली असताना दारू प्यायली तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणे अशी प्रतिक्रिया येते, कधी जिवावर बेतते. म्हणून ती रुग्णाला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीनेच देतात. चहात गुपचूप घालायच्या ज्या पावडरींच्या जाहिराती भिंतींवर असतात, त्यांच्या नादी कोणी लागू नये. आम्हाला गोळीइतकाच गोळी देण्याचा प्रसंग हवा होता. रोज सकाळी बायकोसमोर किसनने ती घ्यायची, आणि संध्याकाळचा वास बंद. तपासणारी बाई गोळीची साक्षीदार झाली. नाते तेच, प्रसंगाचा अर्थ बदलला. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणात पत्नींसाठी सहचरी नावाचा गट चालतो. आमच्याकडेही बायकांची अशीच एक बैठक असते. किसनची बायको तिथे येऊ लागली आणि तिसऱ्या बैठकीत पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलली, नवऱ्याबद्दल नाही.

कार्डाचे आम्ही तिघांनी बसून ठरवले: कार्ड तिच्याकडेच राहील, भाडे मात्र तो स्वतः नेऊन देईल. पुढच्या महिन्यापासून शाळेच्या सभेलाही तो जाईल. एकेक जागा, एका वेळी. मुलाला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाप उचलून आणायचे काम गेल्यावर घरात आपण कोण, हे त्याला कळेना. काही महिने तो बापाशी पिणाऱ्या दिवसांपेक्षाही कमी बोलत होता. हे बिघडल्याचे लक्षण आहे असे समजून आईने फोन केला होता. मी म्हटले, थांबा.

पगार बँकेत जमा करण्यासाठी आम्ही ठेकेदाराला पत्र दिले. उत्तर आले नाही. दाखल्यावर "उपचारासाठी दाखल होता" एवढेच लिहिले होते, व्यसनाचा उल्लेख नव्हता, तरी फाटकावर सगळ्यांना माहीत होतेच. इथे आमची पोच संपते आणि संघर्षवादाचे म्हणणे शिल्लक राहते. त्यानंतर किसन आणखी एकदा घसरला, अकराव्या महिन्यात, तोही सात तारखेलाच. या वेळी त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. आता सात तारखेला बायको साडेसातला पोळीभाजी केंद्रातून सरळ फाटकावर येते, दोघे मागच्या रस्त्याने चालत जातात. पगार अजून रोखच मिळतो.